दहावीनंतर वेल्डिंग की वायरिंग : अल्पमुदतीचा कोर्स निवडताना

दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत शिरूर व दौंड तालुक्यांच्या गावागावांतून पालक आपल्या मुलांना घेऊन शाळेत येतात. पेढे देऊन होतात, आणि मग खुर्ची जरा पुढे ओढून बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : "गुरुजी, तीन महिन्यांचा वेल्डिंगचा नाहीतर वायरिंगचा कोर्स केला, तर पोरगं लगेच कामाला लागेल ना?" घरची शेती एक-दोन एकर, तीही पावसावर, तेव्हा "लगेच" या शब्दावर पालकांचा जोर असतो आणि तो आम्हांस समजतो. तरीही उत्तर देण्यापूर्वी आम्ही एक उलट प्रश्न करतो : मुलाचे वय किती?

दहावी उत्तीर्ण झालेला मुलगा साधारणपणे पंधरा-सोळा वर्षांचा असतो. कारखान्यांतील धोकादायक कामांवर अठरा वर्षांखालील मुलांना ठेवण्यास कायद्याची मनाई आहे. रांजणगाव औद्योगिक वसाहतीत माणसे पुरविणारे ठेकेदार प्रथम आधारकार्डावरील जन्मतारीख पाहतात, प्रमाणपत्र नंतर. म्हणजे सोळाव्या वर्षी तीन महिन्यांचा कोर्स पुरा केलेल्या मुलापुढे पावणेदोन वर्षे मोकळीच उरतात. याच अवधीत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील, म्हणजे आपल्या बोलीतील आयटीआयमधील, संधाता हा वेल्डिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सहज पुरा होतो. तारतंत्री व वीजतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रमही मुलगा अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना संपतात. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने घाईने छोटा कोर्स केला आणि अठरा पुरी होईपर्यंत एका ग्रिलच्या दुकानात लोखंड उचलण्यात व पॉलिश पेपर मारण्यात दिवस काढले. पुढे कामाच्या मुलाखतीला गेला, तेव्हा त्याच्याच वर्गातील आयटीआय केलेला मित्र रांगेत त्याच्यापुढे उभा होता. घाई केलेल्याचा एक दिवसही वाचला नव्हता.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. सोळा वर्षांच्या मुलासाठी छोटा कोर्स हा बहुधा चुकीचा पर्याय होय. ज्याने दहावीनंतर शिक्षण सोडले, दोन-तीन वर्षे शेतात किंवा हॉटेलात घालविली आणि जो आता अठरा-एकोणीस वर्षांचा आहे, त्याच्यासाठी मात्र तो खरोखर उपयोगी ठरतो. पुढील विवेचन मुख्यतः अशा तरुणासाठी आहे.

वेल्डिंगचा कोर्स चांगला की वाईट, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. माहितीपत्रकातील छायाचित्रे पाहू नयेत. एका मुलाच्या वाट्याला रोज किती रॉड येतात, एवढेच विचारावे. नेहमीच्या वापरातील 3.15 मिलिमीटर जाडीचा व 350 मिलिमीटर लांबीचा रॉड जळून संपण्यास साधारणपणे एक ते सव्वा मिनिट लागते. वेल्डिंग शिकणे म्हणजे त्या मिनिटात हात स्थिर ठेवणे, आणि ही मिनिटे जितकी अधिक, तितका हात तयार. आता हिशेब करून पाहू. वर्गात तीस मुले, यंत्रे तीन आणि प्रात्यक्षिकाचे रोज तीन तास असतील, तर एका यंत्रामागे दहा मुले व प्रत्येकास अठरा मिनिटे मिळतात. त्यांतच लोखंडाचा तुकडा मांडणे, टाके मारणे, पोपडा झाडणे आले. प्रत्यक्षात मुलाच्या हातून सहा रॉड जळाले तरी पुष्कळ. साठ दिवसांचे 360 रॉड होतात, म्हणजे तीन महिन्यांत प्रत्यक्ष वेल्डिंग फक्त सहा-सात तास! याच अवधीत रोज वीस रॉड मिळाले, तर 1200 रॉड म्हणजे वीस तासांहून अधिक सराव होतो. दोन्ही ठिकाणी प्रमाणपत्र तेच व त्यावरील शिक्काही तोच. पण दुकानदार हातात होल्डर देऊन पाहतो, तेव्हा पाचव्या मिनिटाला फरक उघडा पडतो.

हात तयार झाला की नाही, हे मुलाला स्वतःलाही तपासता येते. 3.15 च्या रॉडला साधारण 90 ते 130 अँपिअर प्रवाह लागतो. प्रवाह व अंतर योग्य असेल, तर कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. रॉड वारंवार चिकटू लागला, तर प्रवाह कमी आहे. ठिणग्या फार उडून कडेला खाच पडू लागली, तर प्रवाह जास्त आहे किंवा रॉड लांब धरला आहे. रॉड दमट असल्यास वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रे पडतात. म्हणून पावसाळ्यात उघडे पडलेले पुडके वापरू नये. परंतु वरून दिसणारी सुबक रेघ फसवी असते. खरी परीक्षा मोडून पाहण्यात आहे. दोन पट्ट्या इंग्रजी टी अक्षराप्रमाणे उभ्या-आडव्या ठेवून एकाच बाजूने वेल्ड कराव्यात, थंड होऊ द्याव्यात आणि उभी पट्टी वेल्डच्या बाजूला घणाने वाकवून सांधा तोडावा. तुटलेल्या भागात लोखंड अगदी कोपऱ्यापर्यंत वितळून एकजीव झालेले दिसले, तर काम पक्के. कोपऱ्यात पट्टीची मूळ सरळ कड तशीच राहिलेली दिसली, किंवा काळा पोपडा पोटात अडकलेला आढळला, तर वरची सुबक रेघ कुचकामी समजावी. ज्या ठिकाणी मुलांकडून अशी तोडून पाहण्याची परीक्षा करून घेतात, तेथे शिकविणारा माणूस जाणता आहे असे खुशाल समजावे.

सराव करण्यासाठी केवळ भंगाराचे तुकडे जोडत बसण्यापेक्षा खरे काम हाती घेणे अधिक फलदायी असते. याचे उत्तम उदाहरण शिरूर तालुक्यातच, पाबळ येथे आहे. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली या अवर्षणप्रवण गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम मुख्यतः शाळेत न रमलेल्या मुलांसाठी आहे. त्यात वेल्डिंग व सुतारकाम आहे, वीजजोडणी आहे, शेती-पशुपालन आहे आणि गृह-आरोग्य हाही विभाग आहे. काम शिकविण्याची रीत अशी की, गावाच्या गरजेची खरी कामे मुलांनी करावयाची. गिऱ्हाईक वस्तू घेणार असल्याने माप चुकले तर ती परत येते. आणि परत आलेली वस्तू जे शिकविते, ते गुरुजींच्या रागावण्याने साधत नाही. तथापि, एका वर्षात अनेक विषय असल्याने हा अभ्यासक्रम केवळ वेल्डर होऊ इच्छिणाऱ्यापेक्षा गावात स्वतःचे छोटे दुकान काढू पाहणाऱ्याला अधिक मानवतो.

कोर्स झाल्यावर कोणते दार उघडते, हे दोन्ही तालुक्यांत सारखे नाही. रांजणगावच्या मोटारी व घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत हाताने रॉड धरून वेल्डिंग करण्याचा प्रसंग विरळा. तेथे वायर आपोआप पुढे सरकणारे सीओटू वेल्डिंग चालते आणि बऱ्याच ठिकाणी यंत्रमानवच टाके मारतो. म्हणून रांजणगावावर ज्याची नजर आहे, त्याने कोर्समध्ये सीओटूचे यंत्र आहे का व ते चालू आहे का, हे पाहावे. (झाकून ठेवलेले यंत्र आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.) दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे रासायनिक कारखाने आहेत. तेथील स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांना आर्गॉन वेल्डिंग लागते, आणि नळीच्या भोवती, खालून-वरून, कोणत्याही स्थितीत सांधा जोडता आला पाहिजे. हे कौशल्य तीन महिन्यांत येत नाही. छोटा कोर्स केलेला मुलगा तेथे ग्राइंडर धरणारा मदतनीस म्हणून शिरतो आणि उस्तादाच्या हाताखाली दोन-चार वर्षे काढल्यावर वर चढतो. साखर कारखान्यांत गळीत हंगाम संपला की डागडुजीची कामे निघतात. मात्र बॉयलरच्या नळ्यांना हात लावण्यासाठी बॉयलर नियमांप्रमाणे वेगळी परीक्षा उत्तीर्ण झालेला वेल्डरच लागतो. राहिली ट्रॉल्या, पत्र्याचे शेड, गेट व ग्रिल यांची दुकाने. केडगाव, चौफुला, न्हावरे, शिक्रापूर या पट्ट्यात छोट्या कोर्सच्या मुलाला पहिला पगार बहुधा येथेच मिळतो. दौंड जंक्शनमुळे अनेकांना रेल्वेची ओढ असते. परंतु रेल्वेतील तांत्रिक कामांच्या जाहिरातीत दहावीसोबत आयटीआयचे प्रमाणपत्र मागितलेले असते. तीन महिन्यांचा कागद तेथे चालत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

वायरिंगची गोष्ट थोडी निराळी आहे. वेल्डिंगमध्ये मर्यादा हाताची असते. वायरिंगमध्ये ती कायद्याची व जिवाचीही असते. छोट्या कोर्सनंतर घरातील बटणे-दिवे बसविणे, पंखा जोडणे, विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करणे ही कामे परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली शिकता येतात. परंतु नव्या वीजजोडणीसाठी लागणारा चाचणी अहवाल अशा ठेकेदाराच्या सहीशिवाय स्वीकारला जात नाही. स्वतंत्रपणे काम घ्यावयाचे असेल, तर पुढे तारतंत्रीचा परवाना मिळविणे भाग आहे, आणि त्याचा सरळ रस्ता आयटीआयमधून जातो. शिवाय खांब व डीपी ही महावितरणची हद्द आहे. रात्री पिकाला पाणी द्यायचे असते, फ्यूज उडतो, लाइनमन दूर असतो, आणि "तू कोर्स केलाय ना, चढ" असे म्हणून गावकरी मुलाला पुढे करतात. कोर्स केलेल्या मुलावर हा दबाव इतरांपेक्षा अधिक येतो, म्हणून त्याला नाही म्हणण्याची सवय आधीपासूनच लावली पाहिजे. चांगल्या कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात मुलाला पुरवठा बंद करणे, टेस्टरवर विसंबून न राहता टेस्ट लॅम्पने खात्री करणे आणि अर्थिंग तपासणे या तीन गोष्टी हातात बसेपर्यंत करायला लावतात.

डोळ्यांविषयीही एक शब्द. वेल्डिंगच्या प्रकाशाकडे काच न धरता पाहिल्यास त्रास लगेच होत नाही. सहा-आठ तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. बटाट्याच्या चकत्या ठेवण्याचा प्रघात सर्वत्र आहे, त्याने थंड वाटते इतकेच. अशा वेळी दवाखाना गाठावा. शिकाऊ मुलांत हा त्रास बहुधा बाजूला उभे राहून दुसऱ्याचे काम पाहणाऱ्यांना होतो. दहा मुलांमागे दोनच मुखवटे असलेला वर्ग यासाठीही टाळावा.

पालकांनी प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी एकदा कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, न कळविता कार्यशाळेत जावे. किती यंत्रे चालू आहेत हे पाहावे, कोपऱ्यातील जळक्या रॉडच्या थोटकांचा डबा पाहावा. थोटके बोटाएवढी आखूड असतील व डबा भरलेला असेल, तर तेथे मुले काम करतात. मागील तुकडीतील दोन मुलांची गावे विचारून घ्यावीत आणि परतताना त्यांच्यापैकी एकाला भेटावे : सध्या कोठे आहे, होल्डर हातात येण्यास किती महिने लागले, आणि पगार ठेकेदाराकडून रोख मिळतो की खात्यावर. आमच्याकडे या भेटीसाठी एक शिक्षक पालकांसोबत जातात. निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयात नाव नोंदविले, की दिवस ठरविता येतो.