दोन दोऱ्या, ४५ मिनिटे आणि साठ चिंचोके

इयत्ता : चौथी-पाचवी
घटक : कालमापन, तर्क
साहित्य : १२० चिंचोके, खडू, वर्गाची फरशी



दोन दोऱ्यांचं कोडं आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. दोन दोऱ्या आहेत. प्रत्येक दोरी एका टोकाकडून पेटवली की बरोबर ६० मिनिटांत जळून संपते. पण ती सगळीकडे सारख्या वेगाने जळत नाही. कुठे भरकन जळते, कुठे रेंगाळते. घड्याळ नाही, फक्त काडेपेटी आहे. बरोबर ४५ मिनिटे कशी मोजायची?

पारनेर तालुक्यातल्या आमच्या वस्तीशाळेत मी हे कोडं पहिल्यांदा घेतलं, तेव्हा चूक मुलांची नाही, माझी झाली. मी फळ्यावर दोरी काढली, दोन्ही टोकांना ज्योत काढली आणि सांगून टाकलं, "दोन्ही ज्योती मधोमध भेटतील, म्हणजे अर्धा तास." पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, दोरी सारखी जळत नाही ना, मग मधोमध कशा भेटतील?" मी "हो, म्हणजे साधारण मध्ये" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर लक्षात आलं की उत्तर बरोबर होतं, पण कारण साफ चुकीचं दिलं होतं. दुसऱ्या दिवशी हाच पाठ पुन्हा घेतला. तोच इथे देतोय.

आधी मुलं काय म्हणतात?

पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "दोरीची चौपदरी घडी घालायची आणि तीन भाग जळू द्यायचे." हे उत्तर उदबत्तीला चालेल. उदबत्ती बऱ्यापैकी एकसारखी असते, म्हणून तिची अर्धी लांबी म्हणजे जवळपास अर्धा वेळ. पण पानटपरीवर बिडी पेटवायला टांगलेली काथ्याची दोरी मुलांनी पाहिलेली असते. कुठे पीळ घट्ट, कुठे सैल, कुठे धागे सुटलेले. ती सगळीकडे सारखीच धुमसेल, असं कोणी छातीठोक सांगणार नाही. आपल्या कोड्यातली दोरी तशी आहे. तिथे लांबी मोजून वेळ कळत नाही.

चिंचोक्यांची दोरी

वर्गात दोरी पेटवायची गरज नाही. फरशीवर खडूने सहा सारखे चौकोन ओळीने आखा. ही झाली दोरी. एक चिंचोका म्हणजे एक मिनिट. चौकोनांत क्रमाने ३, ५, २, ४, १६ आणि ३० चिंचोके ओळीने मांडा. एकूण ६०.

आधी विचारा, "दोरी मधोमध कापली तर?" मुलं मोजतात. डावीकडच्या तीन चौकोनांत १० चिंचोके, उजवीकडच्या तीन चौकोनांत ५०. लांबी सारखी, पण वेळ एकीकडे १० मिनिटे आणि दुसरीकडे ५०. इथेच घडी घालण्याचं उत्तर गळून पडतं, आपल्याला काही सांगावं लागत नाही.

आता दोन मुलं दोन टोकांना बसवा. बाकीच्यांनी टाळी वाजवायची आणि मोजायची. दर टाळीला प्रत्येकाने आपल्या टोकाचा एक चिंचोका उचलायचा. ३० टाळ्या झाल्या की दोरी रिकामी! दोघं भेटले कुठे? पाचव्या आणि सहाव्या चौकोनाच्या सीमेवर, उजव्या टोकाजवळ. मधोमध अजिबात नाही. पण प्रत्येकाच्या हातात चिंचोके मात्र तीसच.

हेच खरं कारण. दोन्ही ज्योती एकाच वेळी पेटल्या आणि एकाच वेळी विझल्या, म्हणजे दोघी सारखाच वेळ जळल्या. दोघींनी मिळून ६० मिनिटांची दोरी खाल्ली, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला ३०. ज्योती कुठे भेटतात याच्याशी काही देणंघेणं नाही. चिंचोके कसेही मांडा, टाळ्या ३०च होतात. मुलांना दोन-तीन वेळा स्वतः मांडून बघू द्या.

आता ४५ मिनिटे

दुसरी दोरी पहिलीच्या शेजारी आखा : १२, ३, ९, ६, १०, २०. हीसुद्धा साठाची. आता तीन मुलं बसवा. पहिल्या दोरीच्या दोन्ही टोकांना दोघं आणि दुसऱ्या दोरीच्या फक्त डाव्या टोकाला एक. तिघांनी पहिल्याच टाळीला सुरुवात करायची.

३० टाळ्यांना पहिली दोरी संपते. तेवढ्यात दुसरीतून ३० चिंचोके गेलेले असतात, म्हणजे पहिले चार चौकोन रिकामे. उरलेल्या दोन चौकोनांत अजून ३० मिनिटे आहेत. पहिली दोरी संपली त्याच क्षणी दुसरीचं उजवं टोक पेटवायचं, म्हणजे तिथे चौथं मूल बसवायचं. उरलेले ३० चिंचोके आता दोघं मिळून उचलतात आणि १५ टाळ्यांत संपवतात. ३० आणि १५, झाल्या ४५ टाळ्या.

मुलं इथे हमखास दोन ठिकाणी चुकतात. एक, दुसरी दोरी सुरुवातीलाच पेटवायची विसरतात. पहिली संपल्यावर दुसरी दोन्ही टोकांनी पेटवली तर ४५ नाही, ६० होतात. दोन, चौथं मूल चार-पाच टाळ्या उशिरा बसतं. तो उशीर उत्तरात शिरतो. टाळ्या ४५ पेक्षा जास्त झाल्या की ओळखायचं, दुसरं टोक उशिरा पेटलं.

समजलं का, हे कसं ओळखायचं?

एकच प्रश्न विचारा : "एका टोकाने पेटवलेली दोरी अर्धी जळली. किती मिनिटे झाली?" "तीस" म्हणणाऱ्याला पुन्हा चिंचोक्यांकडे न्या. बरोबर उत्तर आहे, "सांगता येत नाही." आपल्या मुलांना हे उत्तर द्यायची भीती वाटते, कारण परीक्षेत प्रत्येक रिकाम्या जागेत काहीतरी भरायचंच असतं. इथे मात्र पूर्ण गुण याच उत्तराला.

पालकांना घरी सांगायला याचा एक चांगला दाखला आहे : घटिकापात्र. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटे. पण वाटी अर्ध्या उंचीपर्यंत भरली म्हणून १२ मिनिटे झाली, असं म्हणता येत नाही. तिथेही भरवसा पूर्ण बुडण्याचा, मधल्या खुणेचा नाही.

खऱ्या दोरीचं काय?

एका मुलाने विचारलंच, "सर, खरी दोरी पेटवून बघू?" आगीचा खेळ मुलांच्या हाती देऊ नका. आणि उत्तर ४५ येईलच असंही नाही. आपण एक गोष्ट गृहीत धरली आहे : दोरीचा एखादा तुकडा डावीकडून जळो की उजवीकडून, त्याला वेळ तेवढाच लागतो. चिंचोक्यांत ते आपोआप खरं असतं. खरी दोरी उभी टांगली तर आग वर चढताना भराभर जाते आणि खाली उतरताना सावकाश, कारण गरम हवा वरचा भाग आधीच तापवते. वारा एका बाजूने असला तरी तोच घोटाळा. सुतळी तर मध्येच विझून जाते.

शेवटी घरी करायला एक प्रश्न : अशाच तीन दोऱ्या दिल्या तर साडेबावन्न मिनिटे मोजता येतील का? आमच्या त्या पाचवीतल्या मुलीने फक्त एवढंच सांगितलं, "सर, तिसरीपण पहिल्यापासूनच पेटवून ठेवायची." पुढचं तुम्ही आणि तुमचे चिंचोके बघा.