वारंवार उशिरा येणाऱ्या मुलाच्या पालकांना शाळेने पत्र कसे लिहावे

दिवाळीनंतर शाळा उघडल्या की जळगाव-धुळ्याकडच्या अनेक वर्गांत पहिल्या तासाला काही बाके रिकामी दिसतात आणि वीस-पंचवीस मिनिटांनी भरतात. त्या वेळी शेतात कापूस वेचणी चालू असते आणि घरातली मोठी माणसे सकाळीच बाहेर पडलेली असतात. अशा वेळी वर्गशिक्षक पालकांना पत्र पाठवायचे ठरवतात. ते ‘आपला पाल्य वारंवार उशिरा येतो, योग्य ती दक्षता घ्यावी’ एवढ्यावर संपले, तर घरी मुलाला ओरडा बसतो आणि पुढच्या सोमवारी मूल पुन्हा उशिरा येते. काम करणारे पत्र लिहायचे असेल तर आपण पुढील क्रम ठेवावा.

1. आधी तीन आठवड्यांची नोंद पाहा. हजेरीपत्रकात मूल ‘हजर’ दिसते, उशीर दिसत नाही. म्हणून साध्या वहीत तीन रकाने आखावेत : तारीख, वर्गात पोहोचण्याची वेळ आणि मुलाने सांगितलेले कारण, तेही त्याच्याच शब्दांत. ‘उशीर’ असा नुसता शिक्का पुरत नाही. मिनिटे लिहिली तरच उशिराचे स्वरूप कळते. रोज आठ-दहा मिनिटे उशीर होत असेल तर घरून निघण्याची वेळच चुकते आहे. अकरा वीस किंवा अकरा पंचवीस अशी ठरावीक वेळ पुन्हा पुन्हा येत असेल तर ती बहुधा एखाद्या वाहनाची वेळ असते. फक्त आठवडे बाजाराच्या किंवा नळाला पाणी येण्याच्या दिवशी उशीर होत असेल तर घरातले एखादे काम मुलाच्या वाट्याला आलेले असते. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाल्यावरच उशीर होऊ लागला, तर झोप आणि पहिली गाडी या दोन गोष्टी आधी तपासाव्यात.

ही वही पाहताना एक प्रश्न नक्की विचारावा : त्याच दिवशी, त्याच वेळेला त्याच गावची आणखी मुले उशिरा आली का? आली असतील तर पालकांना पत्र पाठवू नये. ते पत्र एसटीच्या आगार व्यवस्थापकांना जायला हवे. त्यात तारखा, गाडी प्रत्यक्ष आल्याच्या वेळा आणि त्या गावच्या विद्यार्थ्यांची संख्या द्यावी. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडला तर मागणीला वजन येते. गाडीच्या उशिराबद्दल पालकांना जबाबदार धरणारे पत्र एकदा गेले की पुढची पत्रे ते वाचत नाहीत.

2. पत्राआधी मुलाशी आणि घराशी बोला. मुलाशी वर्गासमोर बोलू नये, मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन बोलावे. ‘उशीर का झाला?’ याचे उत्तर बहुतेकदा ‘झाला’ एवढेच येते. त्यापेक्षा ‘सकाळी उठल्यापासून निघेपर्यंत काय काय करतोस?’ असे विचारले की खरे कारण आपोआप बाहेर येते. मग घरी फोन करावा. घरात अहिराणी बोलत असतील तर आपणही अहिराणीतच बोलावे. ‘पोरगी शाळामा उशिरा येस, घर काही अडचण शे का?’ असा सूर ऐकला की आई मोकळी होते. साक्री-शिरपूरच्या डोंगराळ भागात पावरी किंवा भिली बोलणारा सहकारी सोबत असेल तर उत्तम. आईवडील ऊसतोडीला गेले असतील तर मूल सध्या कोणाजवळ राहते हेही याच फोनवर कळते आणि पत्र कोणाच्या नावे काढायचे ते ठरते. आजोबा सांभाळत असतील तर पत्र आजोबांना लिहावे.

3. काय लिहायचे नाही, हे ठरवून घ्या. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही. उशिरा आलेल्या मुलाला तासभर दाराबाहेर उभे करणे, प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर नाव घेणे, उठाबशा काढायला लावणे हे प्रकार या कलमात बसतात. नोव्हेंबर 2025 मध्ये वसईत उशिरा आलेल्या सहावीतल्या मुलीला उठाबशांची शिक्षा झाली, काही दिवसांनी ती दगावली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. शिक्षेची परंपरा ‘शिस्त’ म्हणून चालू ठेवणाऱ्या प्रत्येक शाळेने ही घटना डोळ्यांसमोर ठेवावी, असे मला ठामपणे वाटते. त्याच कायद्याच्या कलम 16 मुळे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून ‘नाव कमी करण्यात येईल’ ही ओळ पत्रात नको. दंडाची ओळही नको.

नववी-दहावीच्या पत्रात परीक्षा मंडळाच्या 75 टक्के उपस्थितीच्या अटीचा उल्लेख करताना काळजी घ्यावी. उशिरा आलेले मूल गैरहजर नसते. दोन्ही एकच असल्यासारखे लिहिले तर पालकांची दिशाभूल होते.

शाळेच्या वेळेकडेही एकदा पाहावे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत, असे ठरवले. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण होते. आपल्या शाळेत हे वर्ग त्याआधी भरत असतील तर उशिराचे कारण फक्त घरात शोधू नये.

4. आता पत्र लिहा. एक उदाहरण घेऊ. धुळे तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवीतली मुलगी डिसेंबरच्या 24 दिवसांपैकी 9 दिवस उशिरा आली. प्रार्थना 10:45 ला आणि पहिला तास 11 वाजता असतो. ती दर वेळी 11:20 च्या आसपास पोहोचली. चौकशीत कळले की आई आठ वाजता वेचणीला जाते आणि दुसरीतल्या भावाला गावच्या जिल्हा परिषद शाळेत सोडायचे काम मुलीकडे आहे. ती शाळा 10:30 ला उघडते आणि मुलीची रिक्षा 10:20 ला निघते. ज्या दिवशी आजी घरी असते त्या दिवशी मुलगी वेळेवर येते. ज्या दिवशी आजीही वेचणीला जाते त्या दिवशी रिक्षा चुकते. एवढे समजले की पत्र सोपे होते :

“आदरणीय पालक, सप्रेम नमस्कार.
आपली मुलगी शाळेत नियमित येते आणि अभ्यासात लक्ष देते. मात्र डिसेंबरमध्ये ती 9 दिवस साधारण 11:20 वाजता वर्गात पोहोचली. तारखा सोबत दिल्या आहेत. पहिला तास गणिताचा असल्याने तिचा या महिन्यातला भाग अर्धवट राहिला आहे.
धाकट्या भावाला शाळेत सोडून निघताना तिची गाडी चुकते, असे आपण फोनवर सांगितले. आपली अडचण आम्ही समजू शकतो. आम्ही जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोललो आहोत. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई तिथे दहा वाजताच येतात. आपली संमती असेल तर सोमवारपासून आपला मुलगा 10:10 पासून त्यांच्या नजरेसमोर शाळेच्या ओट्यावर बसेल.
आपल्याकडून एवढी अपेक्षा आहे की मुलीने 10:20 ची गाडी घ्यावी आणि 10:45 पर्यंत शाळेत पोहोचावे. एखाद्या दिवशी ते शक्य नसेल तर सकाळी दहापूर्वी वर्गशिक्षकांना फोन करावा. राहिलेले गणित वर्गशिक्षक पुढचे दोन आठवडे मधल्या सुट्टीत तिच्याकडून करून घेतील.
शनिवारी शाळा सुटल्यावर आपण दहा मिनिटांसाठी भेटावे. वेचणीमुळे जमणार नसेल तर संध्याकाळी सातनंतर आम्ही फोन करू. दोन आठवड्यांनी आपण पुन्हा एकदा नोंद पाहू.
आपले, वर्गशिक्षक व मुख्याध्यापक.”

या पत्रातला क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. आधी मुलीबद्दल एक खरी चांगली गोष्ट येते, मग आकडा आणि तारखा, मग घरची अडचण पालकांच्याच शब्दांत, मग शाळा काय करणार ते आणि त्यानंतर अपेक्षा. अपेक्षा आधी आणि मदत नंतर आली तर पालक मदतीपर्यंत वाचतच नाहीत. अपेक्षा घड्याळात मोजता येईल अशी हवी. ‘वेळेचे भान ठेवावे’ या वाक्यातून आईला उद्या सकाळी नेमके काय करायचे ते कळत नाही, ‘10:20 ची गाडी’ यातून कळते. जे शाळेने आधीच बोलून ठेवले आहे तेच मदत म्हणून लिहावे. ‘सर्वतोपरी सहकार्य करू’ ही ओळ वगळली तरी काही बिघडत नाही. लहान भावाच्या बाबतीत तिकडच्या मुख्याध्यापकांचा होकार आधी घ्यावा आणि आईची संमती मिळाल्यावरच व्यवस्था सुरू करावी.

कारण वेगळे असेल तर मदतही वेगळी लागेल. पास नाही म्हणून मूल चालत येत असेल तर एसटीचा सवलतीचा विद्यार्थी पास काढून द्यावा. मुलींना बारावीपर्यंत तो मोफत आहे. आपला तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल तर आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी सायकलची योजना आहे. शाळेच्या यादीतून नाव सुटले आहे का, हे कार्यालयात पाहून घ्यावे.

5. पत्र नीट पोहोचवा. ते वर्गाच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकू नये, पालकांच्या हाती द्यावे. मुलाच्या दप्तरातून पाठवायचे असेल तर बंद पाकिटात पाठवावे आणि आत काय आहे ते मुलाला आधी सांगावे, म्हणजे घरी जाईपर्यंत ते घाबरत नाही. वाचता न येणाऱ्या पालकांना फोनवर पूर्ण पत्र वाचून दाखवावे आणि आपल्याकडच्या प्रतीवर ती तारीख लिहावी.

6. दोन आठवड्यांनी पुन्हा वही उघडा. नऊचे तीन झाले असतील तर तसे सांगणारा छोटा फोन करावा, दुसरे पत्र नको. फरक पडला नसेल तर पहिल्या पत्रातले कारण बहुधा अपुरे होते, म्हणून कडक शब्द वापरण्याआधी घरी जाऊन यावे. त्यानंतरही प्रश्न सुटला नाही तर तो शाळा व्यवस्थापन समितीसमोर मुलाचे नाव न घेता मांडावा. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि गावातली रिक्षा दहा मिनिटे थांबवणे त्यांना आपल्यापेक्षा सहज जमते. या चौकशीत मूल स्वतःच मजुरीला जात असल्याचे किंवा मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असल्याचे कळले, तर पत्रव्यवहार थांबवून मुख्याध्यापकांमार्फत त्याच दिवशी 1098 या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकावर कळवावे.

या सगळ्या काळात मूल उशिरा आले तरी त्याला लगेच वर्गात घ्यावे, वहीत वेळ लिहावी आणि शेजारच्या मुलाला पान क्रमांक दाखवायला सांगावे. कारण विचारायचे असेल तर ते मधल्या सुट्टीत विचारावे.