‘छोटी मात्रा की मोठी?’ : व्हिडिओच्या वर्णनाचे शब्द कुठून घ्यावेत

इंदूरमध्ये मी दर शनिवारी मराठीचा एक छोटासा वर्ग घेतो. मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकतात, घरी मराठी बोलतात आणि लिहायला बसली की हिंदीच्या वळणाने लिहितात. त्यांच्यासाठी मी काही पाठ मोबाइलवर चित्रित करून यूट्यूबवर ठेवले. त्यातला एक पाठ ‘गरीब’ शब्दाची दुसरी वेलांटी ‘गरिबाला’मध्ये पहिली का होते, यावर होता. एकदा वर्गातल्या एका मुलीने तो पाठ घरी पुन्हा पाहायचा म्हणून शोधला आणि तिला तो सापडला नाही. व्हिडिओ जागेवर होता. तिने कोणते शब्द टाकले, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, मी टाकलं, वकिलाने पहिली वेलांटी की दुसरी.”

मी वर्णनात लिहिले होते : ‘प्रस्तुत चित्रफितीत मराठी शुद्धलेखनातील उपान्त्य इकार-उकारांच्या ऱ्हस्व-दीर्घत्वाचे सोदाहरण विवेचन केले आहे.’ टॅग दिले होते : मराठी, व्याकरण, भाषा, साहित्य, शिक्षण, शुद्धलेखन. वाक्यात चूक नव्हती. पण ज्या मुलीसाठी पाठ केला, तिच्या तोंडचा एकही शब्द त्यात नव्हता. मग मी आधी न केलेले काम केले. तयार व्हिडिओत काय बोलले गेले, ते शब्दशः उतरवून काढले आणि वर्णन त्यातून पुन्हा लिहिले. ती रीत इथे मांडतो.

पाठ साडेनऊ मिनिटांचा आहे. तो ऐकत, थांबवत, उतरवायला मला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागला. उतरवताना दोन पथ्ये पाळली. प्रत्येक नव्या मुद्द्यापाशी वेळ लिहिली आणि बोलणे सुधारले नाही. दुसरे पथ्य मराठीच्या शिक्षकाला अवघड जाते. हात आपोआप ‘शेवटून दुसरं अक्षर’ याचे ‘उपान्त्य अक्षर’ करून टाकतो. आवाजावरून टंकलेखन करणारी सोय वापरली तरी हीच अडचण येते. तीही ऐकलेला शब्द नेहमीच्या वळणावर नेते, त्यामुळे तिचे लेखन आवाजाशी ताडून पाहावेच लागते. उतारा पूर्ण झाल्यावर मोजले, तर ‘उपान्त्य’ हा शब्द संपूर्ण पाठात मी एकदाही उच्चारला नव्हता. ‘शेवटून दुसरं अक्षर’ सात वेळा म्हटले होते. म्हणजे माझे वर्णन माझ्याच पाठात नसलेल्या शब्दावर उभे होते.

उताऱ्याचा एक तुकडा असा :

२:४० – “आता ‘वकील’ लिहा. वेलांटी कुठली? दुसरी. शेवटून दुसरं अक्षर आहे ना ते, ‘की’. आता ‘वकिलाने सांगितलं’ असं लिहा.”
२:५५ – (एक मुलगा) “सर, छोटी मात्रा की मोठी?”
२:५८ – “छोटी. म्हणजे पहिली वेलांटी. हिंदीत ‘वकील ने’ लिहितो, तिथं शब्द बदलत नाही. मराठीत ‘ने’ चिकटतो, मग आतली वेलांटी आखूड होते. हे असं बघा.”

या तुकड्यातून काय उचलायचे? प्रत्येक वाक्यखंडाला मी दोन प्रश्न विचारतो. व्हिडिओ न पाहिलेला माणूस हे शब्द स्वतःहून म्हणेल का? आणि हे शब्द एकटे वाचले तर अर्थ लागतो का? ‘हे असं बघा’ बोलण्यात शंभर वेळा येते, पण फळ्याशिवाय त्याला अर्थ नाही, म्हणून ते गळते. ‘आतली वेलांटी आखूड होते’ हे छान आहे, पण ते माझे स्पष्टीकरण आहे. ज्याला अजून कळलेले नाही तो असे विचारणार नाही. ‘वेलांटी पहिली की दुसरी’, ‘वकिलाने कसं लिहायचं’ आणि ‘छोटी मात्रा की मोठी’ हे तिन्ही दोन्ही प्रश्नांना उतरतात.

यातले तिसरे शब्द मी संपादन करताना कापून टाकणार होतो. ‘छोटी मात्रा’ हे मराठी नव्हे, असे मला वाटले होते. हिंदीत ‘छोटी इ की मात्रा’ शिकलेल्या मुलाने ते मराठीत तसेच आणले होते. पण इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली मुले असेच विचारतात, आणि त्या मुलाची अडचण नेमकी तिथेच आहे : हिंदीत प्रत्यय लागताना लेखन बदलत नाही, म्हणून तो मराठीतही ‘वकीलाने’ लिहितो. त्याचा प्रश्न त्याच्या शब्दांत वर्णनात आला, तर उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचते. प्रश्न मुलाच्या बोलीत आणि उत्तर प्रमाण मराठीत, अशी विभागणी केली की भाषेशीही तडजोड होत नाही.

मात्र उताऱ्यातले सगळेच घेण्यासारखे नसते. ६:१० ला मी बोलण्याच्या ओघात “शरीराला पहिली वेलांटी” असे म्हणून गेलो आणि लगेच सुधारले, कारण ‘शरीर’ तत्सम आहे आणि त्याची वेलांटी ‘शरीराला’ लिहितानाही दुसरीच राहते. चुकलेले वाक्य उताऱ्यातून जसेच्या तसे वर्णनात गेले असते, तर व्हिडिओ न पाहता फक्त वर्णन वाचणारा चुकीचा नियम घेऊन गेला असता. म्हणून उचललेला प्रत्येक वाक्यखंड त्याच्या आगेमागे असलेल्या वाक्यांसह पुन्हा ऐकतो. दुसरा सापळा शेवटाकडे होता. “अनुस्वाराचं पुढच्या वेळी बघू,” असे मी म्हटले आहे. अनुस्वार हा शब्द उताऱ्यात आहे, पण पाठात नाही. तो टॅगमध्ये घातला तर अनुस्वार शोधणारा येईल आणि रिकाम्या हाताने परत जाईल. ज्या शब्दाला व्हिडिओत उत्तर आहे तोच शब्द घ्यायचा. यूट्यूबच्या नियमांतही दिशाभूल करणारे वर्णन बसत नाही.

आता मांडणी. वर्णनात ५००० अक्षरांपर्यंत जागा असते, पण पाहणाऱ्याला आधी सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात; उरलेले उघडावे लागते. म्हणून उताऱ्यातला सर्वांत कणखर प्रश्न आणि त्याचे उत्तर तिथे ठेवले. नवे वर्णन असे झाले :

‘वकिलाने’ लिहिताना वेलांटी पहिली की दुसरी? छोटी मात्रा की मोठी? ‘वकील’मध्ये दुसरी, पण ‘वकिलाने’मध्ये पहिली. गरीब–गरिबाला, फूल–फुलाला हे शब्दही असेच बदलतात. शब्दाला प्रत्यय लागला की शेवटून दुसऱ्या अक्षराचे काय होते, हिंदीत असे का होत नाही, आणि ‘शरीर’सारखे तत्सम शब्द का बदलत नाहीत, ते या पाठात फळ्यावर लिहून दाखवले आहे. व्याकरणात याला उपान्त्य इकार-उकाराचा नियम म्हणतात.

‘उपान्त्य’ मी काढून टाकला नाही, शेवटी ठेवला. परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी किंवा शिक्षक तो शब्द शोधू शकतो. पण पहिली जागा बोलीतल्या शब्दांची. त्याखाली उताऱ्यातल्या वेळांवरून प्रकरणे लिहिली. पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा हवा, तरच पडद्यावर विभाग दिसतात. वेळा मी इंग्रजी अंकांत लिहितो. विभागांची नावेही उताऱ्यातलीच :

```
0:00 वेलांटी पहिली की दुसरी?
2:40 वकील, पण वकिलाने
4:20 फूल, पण फुलाला
6:10 शरीराला का बदलत नाही?
```

टॅग सर्वांत शेवटी केले, आणि इथे माझा पूर्वीचा समज मोडला. टॅगांमुळे व्हिडिओ सापडतो असे मी धरून चाललो होतो. यूट्यूब स्वतःच सांगते की शोधात टॅगांचा वाटा अगदी थोडा असतो. ज्या शब्दांचे लेखन लोक वारंवार चुकवतात, तिथे ते मुख्यतः उपयोगी पडतात. मराठीत अशा शब्दांची वाण नाही. ‘ऱ्हस्व’ हाच शब्द घ्या. अनेकांच्या कळफलकावर हा ‘ऱ्ह’ चटकन सापडत नाही, म्हणून ते ‘र्हस्व’ टंकतात. हिंदी शिकलेले ‘ह्रस्व’ लिहितात. आणि बरीच मुले रोमन लिपीतच शोधतात. ही रूपे वर्णनात लिहिली, तर शुद्धलेखनाच्या पाठाखालीच अशुद्ध लेखन दिसेल. टॅग पाहणाऱ्याच्या नजरेसमोर नसतात, म्हणून त्यांची जागा तिथे. टॅगांना एकूण ५०० अक्षरांची मर्यादा आहे. मला त्याहून बरीच कमी पुरली :

```
पहिली वेलांटी दुसरी वेलांटी
छोटी मात्रा मोठी मात्रा
वकीलाने की वकिलाने
र्हस्व दीर्घ
ह्रस्व दीर्घ
pahili velanti dusri velanti
rhasva dirgha marathi
```

‘मराठी’, ‘भाषा’, ‘शिक्षण’ हे जुने टॅग काढले. ते हजारो व्हिडिओंना लागू पडतात, म्हणून या व्हिडिओबद्दल काहीच सांगत नाहीत. टॅगांची अशी लांबलचक यादी वर्णनात चिकटवण्याची सवयही काहींना असते. यूट्यूबच्या नियमांनुसार ती मनाई आहे, आणि वाचणाऱ्यालाही त्यातून काही मिळत नाही.

हे जमले की नाही, ते कळायला एक सोय आहे. यूट्यूब स्टुडिओच्या आकडेवारीत, शोधातून आलेल्या लोकांनी कोणते शब्द टाकले होते त्यांची यादी मिळते. दोन महिन्यांनी पाहिले, तर तिथे ‘वकिलाने’ होते, रोमन लिपीतले ‘velanti’ होते, आणि मी न सुचवलेले ‘गरिबाला का गरीबाला’ असेही होते. हे तिसरे रूप मी टॅगांत घातले. त्याचे उत्तर पाठात आहेच. पण या यादीवर फार भिस्त ठेवू नये. जे पोहोचले त्यांचेच शब्द तिच्यात असतात. जे आपले शब्द टाकून दुसरीकडे गेले, ते तिच्यात कधीच दिसत नाहीत. त्यांचे शब्द वर्गात, मुलांच्या तोंडूनच ऐकावे लागतात. म्हणून आता चित्रण करताना मुलांचे प्रश्न कापत नाही आणि प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज नीट यावा म्हणून मोबाइल फळ्यापेक्षा मुलांच्या थोडा जवळ ठेवतो.

त्या मुलीने पुढच्या शनिवारी पुन्हा शोधून पाहिले. पाठ तिला मिळाला. मात्र वहीत तिने लिहून आणले होते, ‘शरिराला’. नियम लागला होता, अपवाद राहिला होता. ६:१० पासून आम्ही दोघांनी पाठ पुन्हा ऐकला.