पावसातून ऊस काढणारा प्रोग्रॅम

‘पाऊस थांबला’ हे दोन शब्दांचं साधं वाक्य. पायथन शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत शब्द वेगळे करण्याची जी ओळ दिलेली असते, ती या वाक्यावर चालवली की पडद्यावर असं काही उमटतं:

```python
import re
print(re.findall(r"\w+", "पाऊस थांबला"))
# ['प', 'ऊस', 'थ', 'बल']
```

पाऊस गेला आणि ऊस उरला. मराठी कथांमधले शब्द आणि वाक्यांची लांबी मोजायचा प्रकल्प घेतलेल्या विद्यार्थ्याची पहिली गाठ पडते ती याच्याशी. कारण समजलं तर गंमत वाटते. युनिकोडमध्ये ‘प’ हे अक्षर म्हणून नोंदलेलं आहे, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही ‘चिन्हं’ म्हणून वेगळ्या वर्गात आहेत. पायथनच्या `re` या मॉड्यूलमधलं `\w` फक्त अक्षरं, अंक आणि अधोरेखा ओळखतं. त्यामुळे काना दिसला की त्याच्या लेखी शब्द संपतो. इंग्रजी मजकुरावर हाच प्रोग्रॅम बहुतांशी बिनचूक चालतो, म्हणून चूक चटकन लक्षात येत नाही. हजारो शब्दांच्या मजकुरावर तो चालवून, आलेला तक्ता न वाचताच आलेख काढणारेही भेटतात.

‘बीए मराठी करून पुढे काय?’ असं विचारणाऱ्या पालकांना आणि ‘मला कोडिंग जमेल का?’ असं विचारणाऱ्या मुलांना हा प्रकल्प तपशिलात दाखवण्यासारखा आहे. त्याला लागणारं पायथन थोडकं आहे: फाइल उघडणं, यादी, लूप आणि मोजणी करणारा `Counter`. गणित लागतं ते सरासरी आणि मध्यक यांच्यापुरतं, म्हणजे दहावीपर्यंत शिकलेलंच. खरी मेहनत असते ती ‘शब्द’ कशाला म्हणायचं आणि ‘वाक्य’ कुठे संपलं मानायचं हे ठरवण्यात. तिथे व्याकरणाच्या तासाला जागा राहिलेला विद्यार्थी पुढे जातो.

आधी ऊस पुन्हा पावसात घालायला हवा. त्यासाठी देवनागरीचा पट्टाच सांगायचा, आणि त्यातून दंड व अंक वगळायचे:

```python
import re, unicodedata
from collections import Counter

t = open("katha.txt", encoding="utf-8").read()
t = unicodedata.normalize("NFC", t)
t = t.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
t = t.replace("\u200D", "").replace("\u200C", "")
W = r"[\u0900-\u0963\u0971-\u097F]+"
print(Counter(re.findall(W, t)).most_common(20))
```

मधली `replace`ची पहिली ओळ गूढ दिसते, पण ती खास मराठीची गरज आहे. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. एकाच कथेत ‘दुसऱ्या’ यादीत दोनदा आला तर समजावं की गडबड इथे आहे. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर मात्र आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. नाहीतर फाइलमध्ये रोमन अक्षरांचा कचराच हाती लागतो.

आता एक छोटा उतारा घेऊ. तो मुद्दाम या लेखासाठी रचला आहे:

पाऊस थांबला. आजी ओट्यावर आली आणि तिनं अंगणाकडे पाहिलं. ‘बंड्या कुठे गेला?’ तिनं विचारलं. अंगणात कुणीच नव्हतं. डॉ. कुलकर्णींच्या अंगणातून मात्र हसण्याचा आवाज येत होता.

एकूण शब्द 25. वरचा प्रोग्रॅम सांगतो की ‘तिनं’ दोनदा आला आणि बाकी सगळे एकेकदाच, म्हणजे वेगवेगळे शब्द 24. वाचणाऱ्याच्या मनात मात्र अंगण तीनदा आलेलं असतं: अंगणाकडे, अंगणात, अंगणातून. यादीत ‘अंगण’ शोधलं तर ते एकदाही सापडत नाही. इंग्रजीत नामाआधी सुटा शब्द लागतो, म्हणून नामाची मोजणी आपोआप होते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं सामान्यरूपाला चिकटतात, म्हणून एकाच नामाची पिलावळ यादीभर विखुरते. ही तिन्ही रूपं एकत्र केली तर वेगळे शब्द 22 होतात आणि सर्वांत वर ‘अंगण’ येतं. त्या एका बदलानं कथेबद्दलचं विधानच बदलतं.

मग शेवटचा तुकडा छाटायचा नियम लिहू, असं बहुतेकांना सुचतं. शेवटी ‘ाकडे’ आलं की कापा. ‘अंगणाकडे’चं ‘अंगण’ छान होतं, पण तोच नियम ‘लाकडे’चा नुसता ‘ल’ करून टाकतो आणि ‘माकडे’चा ‘म’. ‘ात’ कापला की ‘अंगणात’ सुधारतो आणि ‘परात’, ‘वरात’, ‘हात’ बिघडतात. उरलेला भाग निदान दोन अक्षरांचा असावा अशी अट घातली तर ‘लाकडे’, ‘माकडे’ आणि ‘हात’ वाचतात; परात आणि वरात तरीही कापल्या जातात. पदवीच्या प्रकल्पात इथे एक शहाणा मार्ग असतो: नियम सगळ्या मजकुरावर न सोडता वारंवार येणाऱ्या पहिल्या तीनशे-चारशे रूपांची यादी काढायची आणि ती हातानं गटांत लावायची. दोन-तीन दिवसांचं कंटाळवाणं काम आहे, पण त्यातून जो तक्ता तयार होतो तोच प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग ठरतो. अपवादांची यादी जपून ठेवावी, तोंडी परीक्षेत प्रश्न तिच्यावरच येतात.

वाक्यांची गत याहून वेगळी नाही. पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह आलं की वाक्य संपलं असं मानून उतारा तोडला, तर सात तुकडे पडतात. कारण ‘डॉ.’ मधलं टिंबही पूर्णविराम ठरतं, आणि बंड्याचा प्रश्न ‘तिनं विचारलं’पासून तुटतो. सरासरी येते 25 भागिले 7, म्हणजे वाक्याला साधारण 3.6 शब्द. ‘डॉ.’ दुरुस्त केलं की सहा वाक्यं आणि 4.2. संवाद व ‘तिनं विचारलं’ हे मिळून एक वाक्य मानलं की पाच वाक्यं आणि बरोबर 5. लेखकानं एक अक्षरही बदललेलं नाही, तरी ‘वाक्यं किती लांब?’ याची तीन उत्तरं मिळाली. उताऱ्याऐवजी अख्खी कथा असेल आणि तिच्यात ‘ह. ना. आपटे’, ‘रा. रा.’, ‘इ. स.’ अशी टिंबं पेरलेली असतील, तर ही तफावत किती फुगेल याचा अंदाज बांधता येतो. खूण सोपी आहे. एका शब्दाची वाक्यं वेगळी छापून पाहायची. त्यांत ‘डॉ’, ‘ह’, ‘ना’ दिसले की तोडणी चुकली. ‘हो.’ किंवा ‘नाही.’ दिसलं तर ती खरी वाक्यं आहेत, त्यांना हात लावू नये.

संवादाचं काय करायचं याला एकच बरोबर उत्तर नाही. निवेदन आणि संवाद वेगळे काढून दोन्हींचे आकडे स्वतंत्र देणं हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग. नाहीतर बडबड्या पात्रांच्या कथेला ‘छोट्या वाक्यांचा लेखक’ असं लेबल लागतं.

खऱ्या कथा निवडताना आधी हक्काचा प्रश्न येतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची 60 वर्षं कॉपीराइट चालतो. हरि नारायण आपटे 1919 साली गेले, साने गुरुजी 1950 साली. दोघांचंही लेखन आता मोकळं आहे, आणि मराठी विकिस्रोतावर अशी जुनी पुस्तकं वाचायला मिळतात. दोघांची तुलना हा विषय चांगला आहे. पण सापळा शुद्धलेखनाचा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम सरकारनं 1962 साली स्वीकारले. त्याआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार असत. नंतरच्या आवृत्त्यांत ते अनेकदा काढून टाकलेले असतात. एकाची जुनी आवृत्ती आणि दुसऱ्याची नवी घेतली, तर फरक लेखकांचा नसून मुद्रितशोधकांचा निघतो. म्हणून अहवालात आवृत्ती आणि वर्ष लिहायचंच. शिवाय दोन्हींकडून सारख्या लांबीचा मजकूर घ्यायचा, समजा प्रत्येकी पाच हजार शब्द. मजकूर वाढतो तसे जुनेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे लांब कथेत वेगळ्या शब्दांचं प्रमाण नेहमीच कमी दिसतं, आणि बिचाऱ्या लेखकावर शब्ददारिद्र्याचा आरोप येतो.

इथवर आलेल्या विद्यार्थ्याला दार कुठलं उघडतं? पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये भाषाविज्ञानाचं एमए आहे, तिथे मराठीचा पदवीधर जाऊ शकतो. मुंबईच्या आयआयटीतल्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्रात मराठी शब्दजालाचं काम झालं आहे. म्हैसूरला 1969 साली स्थापन झालेली केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्था भाषांचे संग्रह तयार करते. पुण्यातच सी-डॅक आहे. इंजिनिअरिंगच्या वाटेनं याच कामाकडे यायचं असेल तर बारावीला गणित लागतं. भाषा आवडते म्हणून दहावीनंतर गणित सोडायचा निर्णय घेण्याआधी घरात हे बोललेलं बरं.

पालकांनी एक गोष्ट आधीच ओळखून असावी. शुद्धलेखन तपासक, आवाजावरून टायपिंग, भाषांतराची साधनं यांसाठी मराठी जाणणारी माणसं लागतात, पण सुरुवातीचं काम पुष्कळदा कंत्राटी आणि वाक्यागणिक पैसे देणारं असतं. जाहिरातीत ‘लिंग्विस्ट’ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात दिवसभर वाक्यांना खुणा करायच्या आहेत की नियम ठरवायच्या चर्चेतही बसायला मिळणार आहे, हे मुलाखतीतच विचारावं. दुसऱ्या प्रकारचं काम हवं असेल तर नुसता आकड्यांचा अहवाल पुरत नाही. आपली तोडणी किती बरोबर होती, हे मोजून दाखवावं लागतं. त्यासाठी कथेतली कुठलीही शंभर वाक्यं निवडून दोघांनी एकमेकांचं न पाहता हातानं खुणा करायच्या, आणि प्रोग्रॅमच्या खुणांशी ताडून पाहायच्या. दोन माणसांचं जिथे एकमत होत नाही, ती वाक्यं वेगळी ठेवून त्यांच्यावर एक पान लिहायचं.

महाविद्यालयात मार्गदर्शक निवडताना मराठी विभागातले एक आणि संगणक विभागातले एक, अशा दोघांच्या सह्या मिळवाव्यात. एकट्या संगणकाच्या सरांना ‘लाकडे’ची चूक दिसेलच असं नाही, आणि एकट्या मराठीच्या बाईंना `encoding="utf-8"` का लिहिलं ते. लॅपटॉप नसला तरी अडत नाही. पायथन फुकट मिळतं आणि एवढ्या मजकुराची मोजणी प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावरही काही सेकंदांत होते.