पंधरावा अध्याय पाठ करताना : चूक श्लोकात नसते, सांध्यात असते



गीतेचा पंधरावा अध्याय आपल्याकडे बऱ्याच घरी जेवणाआधी म्हणतात. वीसच श्लोक आहेत. मलाही तो येतो असं मी समजत होतो. मग बाबांच्या वर्षश्राद्धाला पानं वाढून झाली, मी म्हणायला सुरुवात केली आणि सहाव्या श्लोकावरून थेट तेराव्यावर गेलो. मला पत्ताच लागला नाही. जेवण झाल्यावर काका हळूच म्हणाले, "अरे, मधले सहा गाळलेस की."

त्या सहांमधला आठवा श्लोक म्हणजे, वारा जसा फुलांचा गंध घेऊन जातो तसा जीव शरीर सोडताना मन आणि इंद्रियं सोबत नेतो, हा. बाबांच्या पानासमोर नेमका तोच राहिला. रात्री झोप लागली नाही.

असं का झालं ते दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून बघितलं. सहाव्या श्लोकात सूर्य, चंद्र आणि अग्नी एकत्र येतात. बाराव्यातही तेच तिघे येतात. दोन्हींचा शेवटही 'माझं' या अर्थाच्या शब्दावर. म्हणजे जिभेला दोन रस्ते सारखेच दिसले आणि तिने पुढचा पकडला. श्लोक सगळे पाठ होते, पण सहाव्यानंतर सातवाच येतो हे पाठ नव्हतं.

वेद पाठ करणाऱ्यांना हे फार आधीपासून माहीत आहे. त्यांच्या क्रमपाठात पहिला-दुसरा शब्द म्हणतात, मग दुसरा-तिसरा, मग तिसरा-चौथा. प्रत्येक जोड वेगळी पक्की होते. मी तेच श्लोकांना लावलं: सहाव्याचा शेवटचा चरण आणि सातव्याचा पहिला चरण, एवढंच सलग दहा वेळा. वीस श्लोकांचे सांधे एकोणीस. रोज अंघोळीच्या वेळी एक सांधा घेतला. सहा-सात आणि बारा-तेरा हे दोन मात्र तीन-तीन दिवस घोटले.

आता ज्यांना अगदी सुरुवातीपासून पाठ करायचाय त्यांच्यासाठी. मी आता बारावा अध्याय असाच करतोय, तोही वीस श्लोकांचा.

रोज अर्धाच श्लोक घ्या, म्हणजे दोन चरण. साध्या अनुष्टुभात ही सोळा अक्षरं होतात. सकाळी चहा उकळेपर्यंत पाच वेळा बघून मोठ्याने म्हणा, मग पुस्तक पालथं घालून पाच वेळा. अडलात तर फक्त अडलेला शब्द बघा आणि चरणाच्या सुरुवातीपासून पुन्हा म्हणा. अडलेल्या जागेपासून पुढे गेलात तर तिथे कायमची खाच पडते. पंधराव्यात दुसरा ते पाचवा आणि पंधरावा हे श्लोक लांब वृत्तातले आहेत, चरणाला साधारण अकरा अक्षरं. तिथे दिवसाला एकच चरण घेतला तरी चालेल.

मग गाडी. द्रोणागिरीहून बेलापूरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलो की खारकोपर येईपर्यंत मी फोन काढत नाही. आधी कालचा अर्धा श्लोक, मग आजचा, मग या आठवड्यातलं सगळं, ओठातल्या ओठात. रात्री झोपताना एकदाच, न बघता. रविवारी नवीन काही नाही, पहिल्यापासून उजळणी. आठवड्याला तीन श्लोक म्हणजे अध्यायाला सात आठवडे, लांब श्लोकांमुळे पंधराव्याला थोडे जास्त.

एक सापळा सांगतो, कारण मी त्यात वर्षभर होतो. इअरफोनवर अध्याय लावून सोबत म्हणत राहणं. छान वाटतं, सगळं येतंय असं वाटतं, पण पुढचा शब्द आपल्याला आठवत नसतो, तो कानात आधी येतो. उच्चार पक्के करायला पहिले दोन दिवस जरूर ऐका. त्यानंतर बंद करा. त्याऐवजी आपलाच आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि पुस्तक समोर धरून ऐका. माझे दहाव्या-अकराव्यातले शब्द एकमेकांत मिसळलेले तेव्हाच सापडले. दोन्ही श्लोक कोण बघू शकतो आणि कोण नाही यावरच आहेत, त्यामुळे 'पाहणं' हे क्रियापद तिथे पुन्हा पुन्हा येतं. अशा वेळी अर्थच उपयोगी पडतो: दहाव्याचा शेवट बघू शकणाऱ्यांवर, अकराव्याचा न बघू शकणाऱ्यांवर.

खरंच पाठ झालंय का हे कळायला घरच्या कुणाला तरी एक ते वीसमधला कुठलाही आकडा सांगायला लावा आणि तिथून सुरू करा. पहिल्यापासून धावत आल्याशिवाय अकरावा सापडत नसेल तर अजून काम बाकी आहे. आमच्याकडे हे बायको करते, भाजी निवडताना. ती मुद्दाम सातवाच सांगते.

यंदा तिथीला पुन्हा म्हटलं. आठवा श्लोक आला तेव्हा आवाज जरा हलला, पण क्रम चुकला नाही. विसावा झाल्यावर काकांनी काही न बोलता आपोष्णी घेतली.