ठराव वेगळे काढताना

सेक्रेटरीपद गळ्यात पडलं आणि वर चार वर्षांच्या इतिवृत्ताची वही हातात आली, म्हणून घाबरलीस ना गं? हुडकेश्वरातल्या आपल्या सोसायट्यांमध्ये हे असंच असतं. बँकेने ठरावाची नक्कल मागितली की सगळे वही उलटीपालटी करत बसतात.

आधी एक ऐक. मूळ वहीला हात लावायचा नाही. तिथे सह्या आहेत, म्हणून पुरावा तीच. तुझं रजिस्टर म्हणजे त्या वहीचा पत्ता. तारीख, ठराव क्रमांक, विषय, ठराव, सूचक, अनुमोदक आणि शेवटी वहीचं पान, एवढे रकाने पुरेत.

आता खरी मेख बघ. समज, वहीत लिहिलंय: ‘बोअरची मोटर जळाल्याबाबत चर्चा झाली. कमी दराचे कोटेशन मान्य करून खर्च मेंटेनन्स निधीतून करावा असे ठरले. बँक खात्यावर नव्या खजिनदारांची सही राहील. गट्टू बसवण्याबाबत पुढील सभेत पाहू.’ यात ठराव किती? दोनच. कोटेशन आणि खर्च हे मोटरच्या एकाच निर्णयात बसतात. सहीचा ठराव मात्र वेगळा, कारण बँकेला तेवढाच कागद द्यायचाय. मोटरचा हिशेब कशाला दाखवायचा? गट्टूंना नंबर नाही, ती नुसती चर्चा. ‘ठरले’, ‘मंजूर’, ‘राहील’ असं जिथे असेल तिथेच थांब.

क्रमांक दरवर्षी १ एप्रिलपासून नव्याने सुरू कर, सोसायटीचं वर्ष ३१ मार्चलाच संपतं. सभेच्या तारखेने आणि वहीतल्या क्रमाने जा. जुना नंबर दिलेला असेल तर तो पुसू नकोस, शेजारी जादा रकाना करून त्यात ठेव. एखादा ठराव मागाहून सापडला तर १२-अ कर, पण पुढचे सगळे नंबर सरकवू नकोस बाई. १३ नंबरची नक्कल आधीच बँकेत गेलेली असते!

खरं सांगू का, सूचकाचा रकाना सगळ्यात छळतो. वहीत नुसतं ‘सर्वानुमते’ असतं. आठवणीने नाव भरायचं नाही, अध्यक्षांचं तर मुळीच नाही. ‘नोंद नाही’ लिही. सूचकाने पुढे ‘मी मांडलाच नव्हता’ म्हटलं तर तुझ्याकडे काय आहे? आणि नुसतं आडनाव नको, आपल्याकडे एका मजल्यावर दोन सारखी आडनावं निघतात. फ्लॅट नंबरही टाक.

एक्सेलमध्ये करणार असशील तर क्रमांकाचा रकाना आधी Text कर, नाहीतर `7/24` टाकलंस की जुलैची तारीख होऊन बसते. शिवाय `007` असे तीन आकडे ठेव, म्हणजे क्रम लावताना दहावा ठराव दुसऱ्याच्या आधी जाणार नाही.

सगळं झालं की एकीला वही धरून मोठ्याने वाचायला बसव आणि तू रजिस्टरवर बोट फिरव. पान नंबर चुकलेले तेव्हाच कळतात. मग पुढच्या सभेत ते समितीसमोर ठेव, आणि त्या सभेपासून सूचक-अनुमोदकांची नावं जागच्या जागीच लिहून घे, चहा यायच्या आधी.