साठाचा हातचा आणि चाळीस मिनिटांची तूट

(द्वितीय वर्ष, कला)

पैशांचा हिशेब शंभराने चालतो आणि वेळेचा साठाने, हे प्राथमिक शाळेतल्या मुलालाही पाठ असते. तरीही पाळीने काम करणाऱ्या माणसाच्या आठवड्याच्या तासांची बेरीज करताना चांगली शिकलेली माणसेही साठाच्या जागी शंभर धरून बसतात, आणि तसे झाल्याचे त्यांच्या ध्यानातही येत नाही. ही चूक अज्ञानातून होत नाही. ती वेळ लिहिण्याच्या एका सवयीतून होते. ती सवय कोणती, तिने नेमके किती नुकसान होते आणि ते कसे ओळखावे, एवढेच या लेखात एका आठवड्याच्या हजेरीवरून पाहावयाचे आहे.

ती सवय म्हणजे तास आणि मिनिटे यांच्यामध्ये टिंब देणे. ‘आठ तास चाळीस मिनिटे’ हे आपण सरसकट ‘८.४०’ असे लिहितो. डोळ्यांना त्यात काही वावगे दिसत नाही. पण कॅल्क्युलेटरला ते टिंब दशांशचिन्ह वाटते. त्याच्या लेखी ८.४० म्हणजे आठ तास आणि एका तासाचे शंभरातले चाळीस भाग, म्हणजेच आठ तास चोवीस मिनिटे. गंमत अशी की, आपली बोली या बाबतीत लेखणीपेक्षा सावध आहे. आपण सव्वाआठ, साडेआठ, पावणेनऊ म्हणतो, तेव्हा एका तासाचा पाव, अर्धा आणि पाऊण भाग अचूक सांगत असतो. दशांशात हेच ८.२५, ८.५ आणि ८.७५ होतात. जिभेवर बरोबर असलेला अपूर्णांक कागदावर ८.१५, ८.३० आणि ८.४५ होऊन उतरतो, आणि तेथून पुढे हिशेब वाट सोडतो.

आता उदाहरण घेऊ. आमच्या घरातली आणि शेजारची माणसे पाळीने कामाला जातात, आणि महिनाअखेरीस तासांचा कागद कॉलेजात जाणाऱ्या माणसापुढे, म्हणजे माझ्यापुढे, येतो. त्यामुळे असे कागद मी बरेच पाहिले आहेत. येथे दिलेले आकडे मात्र समजण्यासाठी मांडलेले आहेत. सूतगिरणीतल्या एका कामगाराने सहा दिवस तिसरी पाळी केली. अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी वजा जाता त्याचे काम असे भरले :

सोमवार – ८ तास ४० मिनिटे
मंगळवार – ८ तास १५ मिनिटे
बुधवार – ७ तास ५० मिनिटे
गुरुवार – ८ तास २५ मिनिटे
शुक्रवार – ८ तास ४५ मिनिटे
शनिवार – ८ तास ३५ मिनिटे

बरोबर रीत अशी की, तासांचा आणि मिनिटांचा असे दोन रकाने वेगळे ठेवावेत. मिनिटांची बेरीज २१० येते. २१० मध्ये साठ तीन वेळा जातात आणि ३० उरतात. म्हणून ३० मिनिटांच्या रकान्यात लिहावेत आणि ३ हातचा धरून तासांकडे न्यावा. तासांची बेरीज ४७, त्यात हातचे ३ मिळवून ५०. एकूण काम ५० तास ३० मिनिटे.

हेच आकडे टिंब देऊन कॅल्क्युलेटरवर मिळवले, तर उत्तर ४९.१० येते. बहुतेक यंत्रे शेवटचे शून्य दाखवीत नाहीत, म्हणून पडद्यावर नुसते ४९.१ दिसते. कोणी ते ४९ तास १० मिनिटे असे वाचतो, तर कोणी ४९ तास १ मिनिट असेही वाचतो. पहिले वाचन धरले तरी माणसाच्या कामातली एक तास वीस मिनिटे नाहीशी झाली.

ही ऐंशी मिनिटे कोठे गेली, हे पाहण्यासारखे आहे. यंत्राने २१० मिनिटांतून शंभर-शंभरचे दोन गठ्ठे काढले आणि प्रत्येक गठ्ठ्याचा एक तास केला. वास्तविक तास साठ मिनिटांत भरतो. उरलेली चाळीस मिनिटे प्रत्येक गठ्ठ्यामागे फुकट गेली. दोन गठ्ठे, म्हणून दोनदा चाळीस. यावरून एक सोपा नियम निघतो : टिंबाच्या बेरजेत जितके हातचे आले, तितक्या वेळा चाळीस मिनिटे कमी भरतात. एखाद्या जुन्या कागदावर अशी बेरीज आढळली, तर सगळे आकडे पुन्हा मिळवण्याची गरज नाही. फक्त पूर्ण तासांची बेरीज करावी. येथे ती ४७ आहे आणि टिंबाच्या उत्तरातले तास ४९ आहेत. फरक दोनाचा, म्हणून ऐंशी मिनिटे जोडावीत. ४९ तास १० मिनिटांत १ तास २० मिनिटे मिळवली की ५० तास ३० मिनिटे हे खरे उत्तर हाती येते. जोडल्यावर मिनिटे साठ किंवा त्याहून अधिक झाली, तर त्यांचा आणखी तास करून घ्यावा.

चूक उत्तरावरूनच ओळखू येईल काय? कधी येते, कधी येत नाही. वरची बेरीज शुक्रवारपर्यंतच केली तर ४०.७५ येते. घड्याळात पंचाहत्तर मिनिटे कधी होत नाहीत, म्हणून पाहणारा तेथे थबकतो. पण शनिवार मिळवला की तेच उत्तर ४९.१० होऊन अगदी निरुपद्रवी दिसू लागते. म्हणजे टिंबानंतर साठ किंवा अधिक दिसले तर बेरीज नक्की संशयास्पद. पण साठाच्या आत दिसले म्हणून ती बरोबर, असे मात्र धरता येत नाही.

वजाबाकीत हीच चाळीस मिनिटे उलट्या बाजूने येतात. बुधवारी हा कामगार रात्री १०.५० ला आत गेला आणि सकाळी ७.१० ला बाहेर आला. रात्रीच्या पाळीचा हिशेब मध्यरात्रीपाशी तोडून करावा. चोवीस तासांच्या घड्याळात १०.५० म्हणजे २२ वाजून ५० मिनिटे. तेथून मध्यरात्रीपर्यंत १ तास १० मिनिटे आणि पुढे ७ तास १० मिनिटे, मिळून ८ तास २० मिनिटे. सुट्टीचा अर्धा तास गेला की ७ तास ५० मिनिटे उरतात. यंत्रावर २४ मधून २२.५० वजा केले, तर १.५० येते. उसना घेतलेला तास साठाऐवजी शंभर मिनिटांचा धरला गेला, म्हणून येथे चाळीस मिनिटे जास्त दिसतात. बेरजेत कामगाराचे नुकसान आणि वजाबाकीत मालकाचे, चूक एकच.

आता पैशांकडे येऊ. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि तिच्यापुढील कामाला नेहमीच्या दुप्पट दराने मोबदला ठरवला. आपल्या कामगाराचा साधा दर तासाला ९० रुपये धरू. म्हणजे जादा कामाचा १८०, मिनिटाला ३ रुपये. त्याचे जादा काम २ तास ३० मिनिटे, म्हणजे १५० मिनिटे. त्याला ४५० रुपये मिळावयास हवेत. टिंबाच्या बेरजेप्रमाणे जादा काम १.१० भरते, आणि १.१० गुणिले १८० म्हणजे १९८ रुपये. एका आठवड्यात २५२ रुपये कमी. यांतले २४० रुपये हरवलेल्या ऐंशी मिनिटांचे आहेत, आणि उरलेले १२ रुपये दुसऱ्या एका चुकीचे.

ही दुसरी चूक बेरीज बरोबर असतानाही होऊ शकते. दहा मिनिटे म्हणजे तासाचा सहावा भाग. त्याचे ३० रुपये होतात. पण ०.१० हा दहावा भाग आहे. त्याचे १८ रुपयेच होतात. तसेच खरे उत्तर २ तास ३० मिनिटे काढूनही कोणी २.३० ला १८० ने गुणले, तर ४१४ रुपये येतील, म्हणजे ३६ रुपये कमी. दराने गुणावयाचे असेल, तर मिनिटांना आधी साठाने भागावे : ३० भागिले ६० म्हणजे ०.५, म्हणून २.५ गुणिले १८०, बरोबर ४५०. सहा मिनिटे म्हणजे तासाचा एक दशांश, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम भागते.

मात्र हे रूपांतर शेवटी एकदाच करावे, रोजच्या रोज करू नये. वीस मिनिटांचा दशांश ०.३३३३ असा संपतच नाही. सहा दिवस रोज ८ तास २० मिनिटे काम झाले, तर एकूण पुरे ५० तास भरतात. पण दररोज ८.३३ लिहून मिळवले की ४९.९८ येतात, म्हणजे १ मिनिट १२ सेकंद कमी. ही तूट किरकोळ आहे. पण रोजचा आकडा एकाच दशांश स्थळापर्यंत लिहिला, तर प्रत्येक दिवशी तीन मिनिटांपर्यंत फरक पडू शकतो.

संगणकाच्या तक्त्यात तास `8:40` असे दोन टिंबे देऊन भरले, तर साठाचा हातचा तो स्वतः सांभाळतो. पण तेथे वेगळा धोका आहे. साधी वेळेची मांडणी चोवीस तास झाले की पुन्हा शून्यापासून मोजते, म्हणून ५० तास ३० मिनिटांच्या जागी `2:30` दिसते. आपल्या उदाहरणात जादा कामही अडीच तासच असल्याने हे उत्तर एखाद्याला पटूनही जाईल! ४८ ही चोवीसची दुप्पट असल्याने घडलेला तो योगायोग आहे. त्या घराला `[h]:mm` ही मांडणी दिली की `50:30` दिसते. पैशांसाठी तासांचा दशांश हवा असेल, तर असे लिहावे आणि त्या घराला साध्या संख्येची मांडणी द्यावी :

```
=SUM(B2:B7)*24
```

उत्तर `50.5` येते. तक्ता वेळ ही दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवतो, म्हणून चोवीसने गुणावे लागते. आणि हे ५०.५ म्हणजे साडेपन्नास तास. ५० तास ५० मिनिटे नव्हेत किंवा ५० तास ५ मिनिटेही नव्हेत.

साठाने मोजणे आपल्याकडे नवे नाही. पंचांगात साठ पळांची एक घटिका आणि साठ घटिकांचा एक दिवस असतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपया सोळा आण्यांचा आणि आणा बारा पैंचा होता. रुपये, आणे आणि पै यांचे रकाने वेगळे मांडले जात, आणि आण्यांचा हातचा सोळांनी व पैंचा बारांनी धरला जाई. शंभराचा हातचा पैशांत आला आणि टिंबाची सवय हाताला लागली. वेळ मात्र साठावरच राहिली. म्हणून हजेरीच्या कागदावर टिंबाऐवजी मधे एक उभी रेघ मारावी. रेघेच्या उजवीकडची बेरीज साठाने भागावी, आणि डावीकडे नेलेला हातचा रकान्याच्या डोक्यावर लिहून ठेवावा, म्हणजे तो कागद वाचणाऱ्या दुसऱ्या माणसालाही तपासता येईल.